गैरहजर मुलांचं ऋण

माझ्या एम.एड.च्या प्रबंधातला सगळ्यात छोटा भाग मर्यादा आणि परिमर्यादांचा होता. पहिल्या मसुद्यात तो अर्ध्या पानात उरकला होता. शेवटच्या मसुद्यात तो कित्येक पानांचा झाला, आणि त्या पानांनी मला जे शिकवलं ते उरलेल्या प्रबंधाने शिकवलं नाही. आज मी विद्यार्थ्यांचे संशोधन आराखडे तपासते, तेव्हा त्या कामासाठी लागणारी जी काही समज माझ्याकडे आहे ती उसनी आहे. माझ्या मार्गदर्शक बाईंकडून, जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेच्या गुरुजींकडून, आणि चाचणीच्या दिवशी वर्गात नसलेल्या मुलांकडून ती मला मिळाली. त्या देण्याची ही नोंद.

अभ्यासाचा विषय साधा होता. ‘पालघर जिल्ह्यातील इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या मराठी वाचन आकलनाचा अभ्यास’ असं शीर्षक मी घेतलं होतं. तीन उतारे, त्यांवरचे प्रश्न, एकूण 30 गुण. शाळा मात्र जव्हार तालुक्यातल्याच निवडल्या होत्या, काही मोठ्या गावांतल्या आणि काही पाड्यांवरच्या. मर्यादांच्या भागात मी लिहिलं होतं: ‘वेळ व पैसा यांच्या अभावामुळे प्रस्तुत संशोधन एका तालुक्यापुरते मर्यादित आहे. नमुना लहान आहे. संशोधन फक्त इयत्ता चौथीपुरते आहे. विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे उत्तरे दिली आहेत असे गृहीत धरले आहे.’ ही वाक्यं माझी नव्हती. ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांत ती जवळजवळ शब्दशः सापडत, आणि त्या प्रबंधांनीही ती कुठून तरी घेतलेली असावीत. तो भाग म्हणजे प्रबंधाच्या दारात केलेला नमस्कार आहे, अशी माझी समजूत होती.

बाईंनी त्या परिच्छेदावर लाल शाईने काहीच लिहिलं नाही. एकेक वाक्य वाचून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “हे तू ठरवलंस, की तुझ्यावर आलं?”

एक तालुका? मी ठरवला. चौथीचा वर्ग? मीच ठरवला. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळाच घ्यायच्या, आश्रमशाळा आणि खाजगी शाळा घ्यायच्या नाहीत, हेही माझंच. आकलन तपासायचं, मोठ्याने वाचण्याचा वेग नाही, हेही. “मग यातली एकही मर्यादा नाही,” बाई म्हणाल्या. “या परिमर्यादा आहेत. तू स्वतः आखलेली हद्द. हद्दीबद्दल माफी मागायची नसते, कारण सांगायचं असतं.”

कारण म्हणजे काय, तेही त्यांनीच समजावलं. ‘वेळ व पैशांअभावी’ हे कारण वाचणाऱ्याच्या काही कामाचं नाही. ते प्रत्येक संशोधनाला लागू पडतं, म्हणून ते कशाचंच कारण होत नाही. चौथीच का, याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं: पाड्यावरच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच असतात, त्यामुळे तिथल्या मुलाचं वाचन शाळा बदलण्याआधी कुठवर पोचलं आहे ते त्या वर्गात पाहता येतं. जव्हारच का, याचंही उत्तर होतं: घरी वारली, कोकणा, कातकरी बोलणारी मुलं पुस्तकी मराठी कशी वाचतात, हेच मला पाहायचं होतं. ही कारणं मनात असूनही मी लिहिली नव्हती आणि त्यांच्या जागी गरिबी लिहिली होती. शिवाय हद्द एक तालुका असेल तर शीर्षकात जिल्हा येऊ शकत नाही. परिमर्यादा पहिल्या प्रकरणात लिहून काम संपत नाही, ती शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत पाळावी लागते. माझ्या शीर्षकातला ‘पालघर जिल्हा’ त्या दुपारी गेला आणि ‘जव्हार तालुका’ आला.

प्रामाणिक उत्तरांचं वाक्य बाईंनी वेगळं काढलं. ते गृहीतक होतं, आणि गृहीतकांची जागा वेगळी. आकलनाच्या चाचणीत त्याला फारसा अर्थही नव्हता. चौथीतलं मूल प्रश्नाचं उत्तर चुकवतं ते न समजल्यामुळे, अप्रामाणिकपणामुळे नाही. ते वाक्य मी एका अभिवृत्तीच्या प्रश्नावलीवरच्या प्रबंधातून उचललं होतं.

उरलं ‘नमुना लहान आहे’. बाईंनी विचारलं, “कशासाठी लहान?” मला उत्तर देता येईना. नमुना नुसता लहान किंवा मोठा नसतो, एखाद्या प्रश्नासाठी तो पुरतो किंवा अपुरा पडतो. सगळ्या शाळांची मिळून सरासरी काढायला माझी मुलं पुरेशी होती. पण कातकरी घरांतली मुलं वेगळी काढली तर ती बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे काही म्हणण्याची सोय नव्हती. म्हणजे लिहायचं होतं ते असं: ‘कातकरी विद्यार्थ्यांची संख्या फार कमी असल्याने त्यांची इतरांशी केलेली तुलना भरवशाची नाही, म्हणून ती निष्कर्षात घेतलेली नाही.’ कोणत्या प्रश्नाचं उत्तर आता देता येणार नाही हे या वाक्यातून वाचणाऱ्याला कळतं. ‘नमुना लहान आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

परिमर्यादा अशा जागेवर लागल्या. मग खरी मर्यादा कोणती, असं मी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “ती घरी बसून सापडत नाही. निकाल घेऊन शाळांत जा.”

माझा सगळ्यात आवडता निष्कर्ष होता तो असा: पाड्यांवरच्या शाळांतल्या मुलांचं वाचन आकलन मोठ्या गावांतल्या शाळांच्या बरोबरीचं आहे. सरासरीत फरक जवळजवळ नव्हताच. पाड्यांवरच्या शिक्षकांच्या कष्टांची ही पावती आहे, असं मी चर्चेच्या प्रकरणात लिहूनही टाकलं होतं. तो तक्ता मी पाड्यावरच्या गुरुजींना दाखवला. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांनी तक्ता वाचला आणि विचारलं, “मॅडम, चाचणी तुम्ही जानेवारीत घेतलीत ना?”

“हो.”

“मग आमची निम्मी पोरं वीटभट्टीवर होती. दिवाळी झाली की आईबापांबरोबर जातात, भिवंडी-वसईकडं. होळीला चार दिवस दिसतील, परत जातील. पावसाच्या तोंडावर येतील.”

जव्हार-मोखाड्यातलं हे स्थलांतर सगळ्यांना माहीत आहे. मलाही ऐकून माहीत होतं. पण माझ्या आकडेवारीत त्याचा शिरकाव झाला असेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझ्या तक्त्यात फक्त हजर मुलं होती. गैरहजर मुलांसाठी रकानाच नव्हता. गुरुजींनी हजेरीपत्रक पुढे ठेवलं. मी बाकीच्या शाळांची हजेरीपत्रकंही मागवली आणि पट व प्रत्यक्ष हजेरी शेजारी शेजारी मांडली. मोठ्या गावांच्या शाळांत गैरहजेरी नेहमीचीच होती, पाड्यांवर ती कितीतरी जास्त.

बाईंनी त्यावर माझ्याकडून जे गणित करून घेतलं ते मी आजही विद्यार्थ्यांना शिकवते. समजायला सोपं जावं म्हणून इथे गोल आकडे घेते. समजा पटावर 200 मुलं आहेत, त्यांतली 160 हजर होती आणि त्यांची सरासरी 30 पैकी 18 आली. म्हणजे त्यांचे मिळून 2880 गुण. उरलेल्या 40 मुलांचं काय झालं असतं ते आपल्याला माहीत नाही, पण टोकं मात्र ठरवता येतात. त्या सगळ्यांना शून्य मिळाले असते तर 200 जणांची सरासरी 14.4 झाली असती. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते तर 20.4. खरी सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ‘काही विद्यार्थी गैरहजर होते’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा हे किती वेगळं आहे. ती 40 मुलं निकाल कुठवर हलवू शकतात हे आता वाचणाऱ्याच्या हातात आलं.

पुढचा प्रश्न दिशेचा. गैरहजर मुलं हजर मुलांसारखीच असतील तर सरासरीला धक्का लागत नाही. वेगळी असतील तर लागतो, पण कुठल्या बाजूला? इथे गुरुजींनीच वाट दाखवली. पहिल्या सत्राच्या मूल्यमापनाच्या नोंदी दिवाळीआधीच्या होत्या, आणि त्या दोन्ही गटांच्या होत्या: जानेवारीत हजर असलेल्यांच्याही आणि नसलेल्यांच्याही. प्रत्येक शिक्षकाचा हात कमी-जास्त सैल असतो, म्हणून एका शाळेची नोंद दुसऱ्या शाळेशी न जुळवता मी प्रत्येक शाळेत आतल्या आत तुलना केली. जवळजवळ सगळीकडे भट्टीवर गेलेली मुलं आधीपासूनच मागे होती. दरवर्षी अर्धं वर्ष शाळेबाहेर जाणारं मूल मागे पडणारच. पाड्यावर थांबली होती ती घरी आजी असलेली किंवा हंगामी वसतिगृहात सोय झालेली मुलं, म्हणजे ज्यांची शाळा सहसा तुटत नाही अशी. माझ्या चाचणीला पाड्यांवरून बसली होती ती मुख्यतः हीच.

म्हणजे माझी सरासरी खऱ्यापेक्षा वर होती. आणि ती सगळीकडे सारखी वर नव्हती. जिथून स्थलांतर जास्त, तिथे ती जास्त फुगली होती. पाडा आणि गाव यांच्यात मला दिसलेली बरोबरी त्या फुगण्यातून आली असण्याची दाट शक्यता होती. तो निष्कर्ष मी काढून टाकला. जड गेलं, पण बाईंनी एक गोष्ट पक्की सांगितली: मर्यादा लिहिली आणि निष्कर्ष तसाच ठेवला, तर मर्यादा लिहिलीच नाही. पाचव्या प्रकरणात ‘स्थलांतरामुळे काही विद्यार्थी अनुपस्थित होते’ असं म्हणायचं आणि पुढच्याच पानावर ‘पाड्यांवरील विद्यार्थी बरोबरीचे आहेत’ असं ठामपणे लिहायचं, तर त्या दोन पानांपैकी एक खोटं आहे.

यातून माझ्या मनात एक गोंधळ उरला होता. चाचणीचा महिना तर मीच ठरवला होता. मग मुलांची गैरहजेरी ही मर्यादा की परिमर्यादा? बाईंनी त्याचे तीन भाग केले. ‘चाचणी जानेवारीत घेतली’ ही काळाची परिमर्यादा, ती पहिल्या प्रकरणात. ‘त्या काळात पटावरची बरीच मुलं तालुक्याबाहेर होती, आणि त्यामुळे निकाल वरच्या बाजूला झुकला आहे’ ही त्या निवडीतून आलेली मर्यादा, ती निकालांनंतर चर्चेत. आणि ‘महिना ठरवताना स्थलांतराची चौकशी केली नव्हती’ ही दोन्हीही नाही. ती त्रुटी आहे. तिला मर्यादेचं नाव देऊन सन्मानाने बसवायचं नाही. कार्यपद्धतीच्या प्रकरणात, जिथे महिन्याच्या निवडीची हकीकत येते, तिथे सरळ वाक्यात ती सांगायची. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मला आज सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. चाचणीची पूर्वतपासणी केलेली नसते आणि लिहिलेलं असतं, ‘साधनाची विश्वसनीयता तपासता आली नाही, ही संशोधनाची मर्यादा होय.’ तपासता आली असती. तपासली नाही.

दुसरी मर्यादा माझ्या चाचणीतच दडलेली होती. माझा एक उतारा रेल्वेच्या प्रवासाचा होता. जव्हार तालुक्यात रेल्वे नाही. ‘फलाट’, ‘तिकीट खिडकी’ हे शब्द ज्यांच्या कधी कानावर पडले नव्हते अशा मुलांनी त्या उताऱ्यावरचे प्रश्न सोडवले, आणि त्या उताऱ्याचे गुण इतर दोन उताऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी आले. आता त्या मुलांना वाचलेलं समजलं नाही, की शब्दच ओळखीचे नव्हते? माझ्या चाचणीतून हे वेगळं करता येत नव्हतं. पुस्तकी मराठीतच चाचणी घ्यायची, ही माझी परिमर्यादा होती आणि तिला कारणही होतं. पण आकलन आणि शब्दांची ओळख या दोन गोष्टी त्या चाचणीत एकमेकींत मिसळल्या, ही तिच्या पोटात वाढलेली मर्यादा. तेव्हापासून मी प्रत्येक परिमर्यादेसमोर एक प्रश्न लिहून ठेवते: ही रेघ मी इथे आखल्यामुळे मला काय दिसेनासं झालं? त्याचं उत्तर बहुतेक वेळा मर्यादेच्या यादीत जाऊन बसतं. रेल्वेचा उतारा धरून आणि वगळून, अशा दोन्ही प्रकारे मी निकाल काढले आणि दोन्ही छापले. कोणता निष्कर्ष दोन्हीत टिकतो आणि कोणता टिकत नाही, ते वाचणाऱ्याला पाहता आलं.

प्रबंध झाल्यानंतर काही वर्षांनी मी ‘असर’च्या सर्वेक्षणात स्वयंसेवक म्हणून गेले. 2005 पासून ‘प्रथम’च्या पुढाकाराने होणारं हे ग्रामीण भागातलं सर्वेक्षण. तिथे मुलं शाळेत जाऊन नाही, घरी जाऊन तपासतात. जिल्ह्यातली 30 गावं, प्रत्येक गावातली 20 घरं, आणि त्या घरांतली 5 ते 16 वयाची मुलं. मूल अक्षर वाचतं का, शब्द वाचतं का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचतं का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं का, वाचनाचं एवढंच पाहतात. घरी का, याचं कारण मला कोणी सांगायची गरज पडली नाही. शाळेत गेलं की फक्त शाळेत आलेलं मूल भेटतं. माझ्या जानेवारीचा धडा त्या सर्वेक्षणाच्या रचनेतच घातलेला होता.

त्यांच्या अहवालांतून मी शिकले ते हद्द सांगण्याची रीत. सर्वेक्षण ग्रामीण भागाचं आहे, म्हणून शहरांबद्दल ते बोलत नाही. ते वाचनाची मूलभूत पायरी तपासतं, म्हणून त्या पायरीच्या वर कोण किती चढलं आहे याबद्दल बोलत नाही. 20 घरांवरून गावाचा निकाल लागत नाही, म्हणून आकडे जिल्ह्याचे आणि राज्याचे असतात. गावाचे सरपंच आमच्या मागे लागत, “आमच्या गावाचा नंबर कितवा?” नंबर नाही, हेच उत्तर असे, आणि ते देताना मला बाईंची आठवण येई.

2020 मध्ये करोनामुळे घरोघरी जाणं शक्य नव्हतं, तेव्हा ‘असर’ने फोनवरून सर्वेक्षण केलं. 2018 च्या सर्वेक्षणात ज्या घरांनी फोन नंबर दिले होते, त्यांतून नमुना घेतला. फोनवर मुलाचं वाचन नीट तपासता येत नाही, म्हणून त्या फेरीत त्यांनी वाचन तपासलंच नाही. शाळा बंद असताना मुलांपर्यंत पुस्तकं आणि अभ्यास पोचतोय का, घरातलं कोण मदत करतंय, हे विचारलं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. परिस्थितीने एक अडचण आणली आणि त्यांनी तिच्याप्रमाणे आपली हद्द मागे घेतली. जे मोजता येणार नाही ते मोजायचा आव आणला नाही. तरी मर्यादा उरलीच: ज्या घरात फोन नाही ते घर या नमुन्यात येऊच शकत नाही, आणि अशा घरातल्या मुलापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरचा अभ्यास पोचण्याचा संभव आणखीच कमी. आकडा कुठल्या बाजूला झुकलेला असेल, हे इथे हिशेब न करताही सांगता येतं.

माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या मसुद्यात मर्यादेचा परिच्छेद साधारण असा झाला: ‘चाचणी जानेवारीत घेतली. त्या वेळी निवडलेल्या शाळांच्या पटावरील बरेच विद्यार्थी पालकांसोबत वीटभट्ट्यांवर गेले होते. शाळानिहाय पट व उपस्थिती तक्त्यात दिली आहे. पहिल्या सत्राच्या नोंदींनुसार हे विद्यार्थी उपस्थित विद्यार्थ्यांपेक्षा मागे होते. त्यामुळे येथे दिलेली सरासरी प्रत्यक्षापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, व पाड्यांवरील शाळांत ही शक्यता अधिक आहे. या कारणाने पाडा व गाव यांची तुलना निष्कर्षात घेतलेली नाही. उपस्थित विद्यार्थ्यांतील उताऱ्यानिहाय फरकाबाबतचे निष्कर्ष मात्र कायम आहेत.’ काय घडलं, किती घडलं, निकाल कुठल्या बाजूला गेला, त्यावर काय केलं, आणि काय उभं राहिलं. क्रम बाईंचा, माहिती गुरुजींची. माझं फक्त हस्ताक्षर. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ याच परिच्छेदावर घेतला आणि पाड्यांच्या शाळांत पुन्हा अभ्यास कधी करावा, असं विचारलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, असं मी सांगितलं. ते उत्तरही गुरुजींचंच.

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. आराखडा लिहाल तेव्हा परिमर्यादा कारणांसह लिहा आणि शीर्षक त्यांच्याशी जुळतं का ते पाहा. मर्यादांची जागा तेव्हा जवळजवळ कोरी ठेवा, कारण तुमची खरी मर्यादा अजून घडायची आहे. निकाल हाती आले की ते घेऊन ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांच्याकडे जा, आणि तक्त्यात कोण नाही ते विचारा. जे उत्तर मिळेल त्याने तुमचा एखादा आवडता निष्कर्ष पडला, तर तो पडू द्या.